सात घरं आणि हजार शब्द

आमच्या डॉक्टरीणबाईंना आम्ही मागून 'काबाई' म्हणायचो. समोर अर्थातच मॅडम. वय अठ्ठावीस, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र असा, की आरोग्य केंद्राच्या रांगेतली सगळ्यात मागची म्हातारीसुद्धा आपल्यालाच बोलावलं समजून उठून उभी राहायची. हे नाव पडलं महिन्याच्या बैठकीमुळे. एखादं तान्हं बाळ दगावलं की त्या विचारायच्या, "का?" ताप होता. "ताप का आला?" नाळ चिघळली होती. "का चिघळली?" असे पाच वेळा का. एकामागून एक पाच का विचारले की खरं कारण हाती लागतं, असं त्या कुठल्याशा पुस्तकात शिकल्या होत्या. पाचव्या का-पाशी खरं कारण सापडायचं की नाही कोण जाणे, समोरची नर्स मात्र हमखास रडायची. सव्वीस वर्षं नोकरी झालेली मी, सगळे मला मोठ्या सिस्टर म्हणतात, मीही एकदा पाण्याच्या टाकीमागे जाऊन नाक पुसून आले होते.

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. उलट अशी डॉक्टर मी पाहिली नव्हती. आधीचे डॉक्टर खुर्चीला चिकटलेले असायचे. ही बया आल्या आल्या सातही गावं पायी फिरली. पिशवीत वजनकाटा, काट्याला अडकवायची कापडी झोळी. प्रत्येक बाळाचं वजन झालंच पाहिजे, कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवलंच पाहिजे, आणि पहिल्या महिन्यात त्या घरी नर्सच्या सहा खेपा व्हायलाच हव्यात. एका घरात सासूबाईंनी बाळाचं वजन करायला नकार दिला, तर ही दोन तास उंबऱ्यावर बसून राहिली. शेवटी सासूबाईंनीच कंटाळून झोळी धरली.

दोन वर्षांनी बाईंनी परदेशात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करायला घेतला. अर्जासोबत एक स्टेटमेंट लागतं. मी कोण, आजवर काय केलं, हाच अभ्यासक्रम का, तुमच्याच विद्यापीठात का, शिकून पुढे काय करणार, हे सगळं हजार शब्दांत. एक हजार एकावा शब्द घातला तर ती वेबसाइट तो घेतच नाही. बाई दुपारी रांग संपली की लॅपटॉप उघडून बसायच्या. त्यांची एक मैत्रीण तिकडेच शिकत होती, ती फोनवरून दुरुस्त्या सुचवायची. आणि त्या स्टेटमेंटच्या मधोमध एक वाक्य होतं, ते बाईंनी मला मोठ्या कौतुकाने मराठीत सांगितलं होतं. "माझ्या भागात महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू एका वर्षात चौदावरून पाचावर आले."

ते वाक्य ऐकलं आणि मी हातातली वही मिटून कपाटात ठेवली. कारण ते पाच नव्हते. हे मला माहीत होतं. पाचांच्या वरची चार मी स्वतः लपवली होती.

कसं, ते सांगते. बाळ जिवंत जन्मून नंतर दगावलं, तर बाईंचा अकरा पानी फॉर्म भरायचा, सगळ्यांसमोर बैठकीत उभं राहायचं आणि पाच का झेलायचे. बाळ पोटातच गेलेलं असेल, तर नोंदवहीच्या दुसऱ्या रकान्यात 'मृतजन्म' असा एक शब्द लिहायचा. फॉर्म नाही, बैठक नाही, कुणी एक का विचारत नाही. आता एखादं बाळ जन्मतं, एकदा कण्हतं, दोन श्वास घेतं आणि थांबतं. ते कुठल्या रकान्यात घालायचं, हे गावातल्या उपकेंद्रात नोंदवहीपाशी एकटी बसलेली नर्सच ठरवते. पहिल्यांदा मी तसं लिहिलं तेव्हा पेन दोनदा उचलून खाली ठेवलं. दुसऱ्यांदा एका दमात लिहिलं. धाकट्या दोघी सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेल्या. मी काही बोलले नाही, त्यांनी काही विचारलं नाही, पण त्यांनीही मिळून तीन नोंदी तशाच लिहिल्या. एकूण सात.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. बाईंनी लॅपटॉप उघडला की मी उगाच इंजेक्शनचे ट्रे पुसायला घ्यायचे. त्या कपाटाकडे गेल्या की वाटायचं, आता वही काढतात. पण त्यांनी कधी काढली नाही. महिन्याचा आकडा मीच त्यांना वाचून दाखवायचे आणि त्या तो विश्वासाने लिहून घ्यायच्या. नोकरीची तीनच वर्षं उरली होती. एवढे दिवस निघाले तर उरलेलेही निघतील, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

अर्जाची मुदत चार दिवसांवर आली आणि मैत्रिणीने नेमकी काडी टाकली. म्हणे, "आकडे झकास आहेत, पण माणूस कुठाय? सुरुवात एखाद्या आईपासून कर."

बाई माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, मला एका आईकडे घेऊन चला. जिचं बाळ आपल्या कामामुळे वाचलं अशी."

मी मनातल्या मनात सगळ्या घरांची उजळणी केली आणि सगळ्यात बिनधोक घर निवडलं. सोळाशे ग्रॅमची मुलगी, छातीशी ठेवून वाचवलेली, आता घरभर रांगणारी. त्या घरात धोका नाही असं वाटलं. त्याच घरातल्या थोरल्या सुनेचं बाळंतपण मीच केलं होतं, हे मी विसरले नव्हते. पण ती दिवसभर बाजारातल्या शिलाईच्या दुकानात असते, एवढी माझी खात्री होती.

गेलो, तर दुकानाला सुट्टी. थोरली सून घरातच मशीन चालवत बसली होती.

बाई परदेशच्या अर्जात लिहायचंय म्हणून धाकटीशी बोलत होत्या, ती हसून हसून सांगत होती, पोरगी बाईंचं पेन चोखत होती. मी दाराशी उभी. मशीनचा आवाज थांबला.

"डॉक्टर, मला नाही काही विचारायचं?" शिंपीण म्हणाली. "माझाही झाला होता की. हिच्या आधी चार महिने."

बाई वळल्या. "हो? कसा आहे?"

"गेला. उपकेंद्रावर झाला. मेलेला जन्मला म्हणतात सगळे. पण मी त्याचं रडणं ऐकलं होतं."

"अगं, कळांमध्ये असे भास होतात," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की माझ्याच कानांना ते तयार ठेवलेलं उत्तर वाटलं.

"सिस्टर तेव्हाही हेच म्हणाल्या," ती बाईंना म्हणाली. "सासूबाईंना पण हेच सांगितलं. आता मी विषय काढला की घरात म्हणतात, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

बाईंनी पोरीच्या हातातलं पेन सोडवून पिशवीत टाकलं आणि उठल्या. परत येताना वाटभर बोलल्या नाहीत. पाच का विचारणारी बाई एकही का विचारत नाही, याची मला किती भीती वाटली ते सांगता यायचं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रस्त्यातल्या एका दगडावर मी बूट झटकण्याचं निमित्त करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात पोचले तर दोन्ही वर्षांच्या वह्या टेबलावर उघड्या. बाईंनी एका कागदावर दोनच ओळी लिहिल्या होत्या. आधीचं वर्ष, मृत्यू चौदा, मृतजन्म सहा. मागचं वर्ष, मृत्यू पाच, मृतजन्म तेरा.

"वीस आणि अठरा," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या रकान्याकडे कधी पाहिलंच नाही. माझा फॉर्म पहिल्या रकान्याचा होता ना." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दार लावून घ्या सिस्टर. बसा. किती?"

मला खोटं बोलता आलं असतं. कुणी सिद्ध करू शकलं नसतं. पण तोंडातून निघून गेलं. "सात. चार माझी."

"रडली होती?"

"दोन रडली. एक नुसतं कण्हलं. एकाचे ठोके लागत होते."

"एक ठोका लागला तरी तो जिवंत जन्म, सिस्टर. पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मला शिकवू नका," माझा आवाज चढला. भीतीने माणूस कधी कधी भांडतो. "मला माहीत आहे. तुमच्या बैठका सुरू होण्याआधी चौदा-चौदा मेली, मी एकेक खरी लिहिली. तेव्हा कुणी मला सगळ्यांसमोर उभं करून 'का, का' केलं नाही. तुमच्या अकरा पानांत असा एकही प्रश्न नाही, की बाई, तुझ्या हाताशी काय होतं?"

मला वाटलं आता संपलं. मेमो, चौकशी, सव्वीस वर्षांवर पाणी. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी कपाटातून एक पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. चारही उपकेंद्रांवर बाळाला श्वास देण्याची फुग्यासारखी पिशवी आणि मास्क द्यावा, अशी त्यांनी केलेली मागणी. त्यावर वरच्या कार्यालयाचा शेरा होता. मृत्यू लक्षणीय घटले असल्याने आवश्यकता दिसत नाही.

"सहा महिन्यांपूर्वी आलं," त्या म्हणाल्या. "मला तर आनंद झाला होता."

सहा महिने. त्या सहा महिन्यांतली दोन बाळं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी माझी कातडी वाचवत होते, आणि ज्या पिशवीसाठी मी रोज बोटं मोडायचे, ती माझ्याच अक्षराने अडवून धरली होती.

बाईंनी ती दुपार फोनवर घालवली. अर्जाला लागणारं शिफारसपत्र वरच्या साहेबांनी दिलं होतं. ते पत्र साहेबांनी परस्पर विद्यापीठाला पाठवायचं असतं, अर्जदाराला दाखवत नाहीत. पण पत्रासाठी आकडे बाईंनीच पुरवले होते, त्यामुळे चौदाचे पाच त्यातही असणार हे उघड होतं. फोन स्पीकरवर होता. साहेब आधी समजावणीच्या सुरात बोलले, मग तापले.

"पत्र गेलं. एकदा पाठवलं की मला बदलता येत नाही."

"सर, तुम्ही प्रवेश विभागाला एक ई-मेल—"

"काय लिहू? माझ्या भागातले आकडे खोटे आहेत? अहो, ते आकडे माझ्या अहवालात आहेत, वर गेलेत. तुम्ही ते वाक्य काढून टाका आणि गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाहीतर तुमचं स्टेटमेंट एक बोलणार, माझं पत्र दुसरं बोलणार, आणि ते लोक दोन्ही केरात टाकणार. वर चौकशी लागेल ती वेगळीच."

फोन ठेवला. साहेब म्हणाले ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. वाक्य काढून टाकलं तर काहीही होणार नव्हतं. बाई गेल्या असत्या, मी निवृत्त झाले असते. मी म्हणालेसुद्धा, "मॅडम, साहेबांचं ऐका." म्हणताना स्वतःचीच लाज वाटली, तरी म्हणाले.

"मीही घाबरलेय सिस्टर," बाई म्हणाल्या. त्यांचा तो दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मुलाखतीत एकाने जरी विचारलं, बाकीचे नऊ मृत्यू का टळले, तर मी काय सांगू? पाच वेळा का विचारलं तर मीच रडेन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं स्टेटमेंट मला मराठीत सांगितलं. सातशे शब्द नवे. "चौदाचे पाच नव्हे, चौदाचे बारा झाले, आणि एवढ्याशा संख्येत दोनाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. माझ्या हाताखालची माणसं मला घाबरत होती, म्हणून माझे आकडे सुधारले. मोजणारा माणूस घाबरलेला असेल तर मोजणी कशी करायची, हे मला शिकायचं आहे. माझ्या शिफारसपत्रातला आकडा चुकीचा आहे, आणि तो मीच पुरवला होता." माझं नाव त्यात कुठेही नव्हतं. सगळीकडे 'मी' आणि 'आम्ही'.

मग शेवटाकडे एक वाक्य आलं. "नोंदवहीत दुरुस्ती केली असून त्या सातही आयांना आम्ही खरं सांगितलं आहे."

"कधी सांगितलं?" मी विचारलं.

"मुदत परवा सकाळी साडेदहाला संपते," बाई म्हणाल्या. "ते वाक्य तोवर खरं व्हायला हवं. तुम्ही आला नाहीत तरी मी जाणार."

वहीतल्या दुरुस्त्या सोप्या होत्या. जुन्या शब्दावर एकच रेघ, तो वाचता आला पाहिजे, बाजूला खरी नोंद, तारीख, सही. सात रेघा, त्यातल्या चारांपाशी माझी सही. वह्यांची प्रत वर गेली तेव्हाच मी समजून चुकले, की चौकशी येणार. ती अजून यायची आहे. पण घरं! धाकट्या सिस्टर आपापल्या गावात आमच्यासोबत आल्या. एका घरात आम्हाला दारातूनच हाकललं. एका घरातली आई ऐकून नुसती भांडी घासत राहिली. एका घरात नवरा अंगावर धावून आला, बाई मध्ये उभ्या राहिल्या. दोन दिवसांत सहा घरं झाली. शिंपिणीचं घर मी शेवटी ठेवलं होतं. मुदतीच्या सकाळी, नऊ वाजता.

ती मशीनवरच होती. बसा म्हणाली नाही. बाईंनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. थांबले असते तर पळाले असते.

"तुझं बाळ रडलं होतं. तू बरोबर ऐकलंस. मी खोटं सांगितलं."

तिने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. मला वाटलं, आता कात्री फेकून मारते. ती उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि हाक मारली, "आई, भाऊजी, जाऊबाई, सगळे बाहेर या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता परत सांगा. यांच्यासमोर."

पहिल्यांदा सांगणं सोपं होतं. घरातली चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत असताना तेच वाक्य पुन्हा बोलणं तसं नव्हतं. पण बोलले. सासूबाई मटकन खाली बसल्या. "म्हणजे पोरगी खरं सांगत होती," एवढंच म्हणाल्या.

शिंपीण रडली नाही. "किती वेळ होता?"

"अकरा मिनिटं."

"तेवढा वेळ कुणी घेतलं होतं का त्याला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला बरंही वाटलं असतं. पण एका खोट्यापायी इथवर आलो होतो.

"नाही गं. टेबलावर होता. आधी पुसलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं. मग तुला रक्त जायला लागलं. धारच लागली. मी एक हात तुझ्या पोटावर दाबून धरला, दुसऱ्याने इंजेक्शन भरलं. तो मागे होता. मी मान वळवून बघत होते. तिथे मी एकटीच होते."

धाकटीची पोरगी रांगत येऊन बाईंच्या लॅपटॉपच्या पिशवीशी खेळू लागली. शिंपीण कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती विचारेल, मला का वाचवलंत. तिने बाईंना विचारलं, "तुम्ही हे सगळं तिकडे लिहून पाठवणार ना? त्या दिवशी म्हणालात."

"तुमचं नाव, गाव काही येणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही नको म्हणालात तर एक अक्षरही येणार नाही."

"लिहा. तो रडला होता, हे लिहा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि बाई एकटी होती, हेपण लिहा."

बाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. साडेनऊ वाजले होते. खालच्या कोपऱ्यात शब्दांचा आकडा दिसत होता, नऊशे अठ्ठ्याण्णव. नवं वाक्य त्यात मावेना. त्यांनी सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग आपण विद्यापीठात पहिल्या आल्याचं वाक्य होतं, ते काढून टाकलं.